नव्वद मिनिटं म्हणजे नक्की किती?

मराठी विभागासाठी लिही असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी हसले. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, घरी अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, आणि मराठी निबंधात कायम काठावर पास. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. विषय मात्र असा निवडलाय की ज्यावर आपल्या मुलांच्या हॉस्टेलमध्ये एक आख्खी रात्र भांडण झालं, आणि आमच्या वर्गात त्यानंतर आठवडाभर.

रात्र होती ६ मे २०२५ ची, म्हणजे आपल्याकडे ७ तारीख लागली होती. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीचा दुसरा सामना, मिलानमध्ये, इंटर विरुद्ध बार्सिलोना. पहिला सामना ३-३ झाला होता. आमच्या वर्गातल्या एकाने (नाव सांगत नाही, त्याला अजून इथे दीड वर्ष काढायचंय) कुठल्याशा परदेशी साइटवर इंटर जिंकणार म्हणून दोन हजार रुपये लावले होते. हे दोन हजार मेसच्या बिलाचे होते. भाव जवळपास तिपटीचा होता, म्हणजे सहा हजाराच्या आसपास परत येणार!

ज्यांनी तो सामना पाहिला त्यांना काय झालं ते आठवत असेल. इंटर २-० पुढे, मग बार्सिलोनाने तीन गोल करून ८७ व्या मिनिटाला ३-२ आघाडी घेतली. सगळं संपलं असं वाटत असताना इंज्युरी टाइममध्ये, ९०+३ ला, आचेर्बीने बरोबरी केली. अतिरिक्त वेळेत ९९ व्या मिनिटाला फ्रातेसीचा गोल. इंटर ४-३, दोन्ही सामने मिळून ७-६, इंटर फायनलमध्ये. पहाटे तीनच्या सुमारास आमचा हा हिरो टेबलावर चढून नाचला म्हणे. सकाळी उठून बघतो तर त्याच्या खात्यात `Match Result` च्या समोर लाल अक्षरात `Lost`.

"अरे जिंकले ना इंटर! सगळ्या जगाने बघितलं!" हे वाक्य तो आठवडाभर म्हणत होता. अख्खी विंग त्याच्या बाजूने. साइट चोर आहे, परदेशी लोक आपल्याला फसवतात, वगैरे. मी त्या साइटचे नियम वाचले, आणि मला वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणासाठी. त्या एका गोष्टीपुरती तरी साइट बरोबर होती. त्याने जे विकत घेतलं होतं ते "इंटर जिंकणार" हे नव्हतंच. ते होतं "इंटर नव्वद मिनिटांत जिंकणार". आणि नव्वद मिनिटांनंतर स्कोअर होता ३-३.

इथे एक खुलासा. पैसे लावा असं मी कुणालाही सांगत नाहीये. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाच केला, त्यामुळे आता तो प्रश्नही नाही. पण ज्या देशांत हा उघड, परवाना असलेला धंदा आहे, म्हणजे मुख्यतः इंग्लंडमध्ये, तिथले भाव आपण रोज बघतो. फुटबॉलच्या बातम्यांत ते असतात, स्कोअरच्या अॅपवर असतात, आणि आपल्या हॉस्टेलचा भविष्याचा तक्ता (हरणाऱ्याने मॅगी-ऑम्लेट द्यायचं) त्याच भाषेत चालतो. तेव्हा ती भाषा नीट समजून घ्यायला काय हरकत आहे?

आता मूळ मुद्दा. "नव्वद मिनिटं" हे शब्द आपण घड्याळाचे समजतो. ते घड्याळाचे नाहीतच, ते शिट्टीचे आहेत. दुसऱ्या हाफच्या शेवटी रेफरी जी शिट्टी वाजवतो तिथपर्यंतचं सगळं "नव्वद मिनिटांत" धरतात, मग घड्याळात ९१ असो, ९५ असो नाहीतर १०१. इंज्युरी टाइम आत. त्या शिट्टीनंतर जे होतं, म्हणजे १५-१५ मिनिटांची अतिरिक्त वेळ आणि पेनल्टी शूटआऊट, ते सगळं बाहेर.

हे एका सामन्यात इतकं स्वच्छ दिसतं की पुस्तकात उदाहरण म्हणून छापावं. युरो २०२४, ३० जून २०२४, जर्मनीतलं गेल्सेनकिर्शेन, इंग्लंड विरुद्ध स्लोव्हाकिया. स्लोव्हाकियाने २५ व्या मिनिटाला गोल केला आणि शेवटपर्यंत टिकवला. अगदी शेवटी, ९०+५ ला, बेलिंगहॅमने ओव्हरहेड किक मारून बरोबरी केली. अतिरिक्त वेळ सुरू झाली आणि पहिल्याच मिनिटाला हॅरी केनने हेडरवर गोल केला. स्कोअरबोर्डवर बघा: बेलिंगहॅम ९०+५, केन ९१. म्हणजे पंच्याण्णवाव्या मिनिटाचा गोल "नव्वद मिनिटांत" मोजला जातो, आणि एक्क्याण्णवाव्या मिनिटाचा मोजला जात नाही!

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलं की छपाईची चूक आहे. पण चूक नाही. अतिरिक्त वेळ सुरू होताना घड्याळ परत ९० वरून सुरू करतात. त्यामुळे ९१ ते ९५ ही मिनिटं एका सामन्यात दोनदा येऊ शकतात, एकदा शिट्टीच्या अलीकडे आणि एकदा पलीकडे. आपण इंजिनिअरिंगवाले ज्याला व्हेरिएबल म्हणतो ते इथे वेळ नाहीच, ते आहे "कुठला पीरियड". स्कोअर लिहिताना ९०+५ मधला तो अधिकचा + म्हणूनच महत्त्वाचा. बातमीत कुणी नुसतं "९५ व्या मिनिटाला गोल" लिहिलं तर तो गोल आतला की बाहेरचा हे सांगताच येणार नाही.

इंज्युरी टाइम किती लांबू शकतो याला वरची मर्यादा नाही. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिना-नेदरलँड्स उपांत्यपूर्व सामन्यात वेगहोर्स्टने फ्री-किकवरून बरोबरीचा गोल केला तो ९०+११ ला. तोही नव्वद मिनिटांतलाच.

पेनल्टी शूटआऊटची गोष्ट आणखी सरळ आहे, कारण तिथे फुटबॉलचे नियमच बुकींच्या बाजूने आहेत. नियमांप्रमाणे शूटआऊट सामना संपल्यानंतर होतं. पुढे कोण जाणार हे ठरवायची ती एक पद्धत आहे, सामन्याचा भाग नाही. म्हणून नोंदीत सामना बरोबरीचाच राहतो, आणि शूटआऊटमध्ये मारलेला गोल खेळाडूच्या खात्यात जमा होत नाही. अतिरिक्त वेळेचं मात्र तसं नाही. ती सामन्याचा पूर्ण भाग आहे, तिथला गोल खेळाडूच्या नावावर लागतो, तिथलं रेड कार्ड खरं असतं. फक्त नव्वद मिनिटांच्या बाजाराला ती दिसत नाही. खरा गोंधळ इथे आहे. शूटआऊट सगळेच वेगळं धरतात, पण अतिरिक्त वेळ फुटबॉल आत धरतो आणि बाजार बाहेर.

एक सामना पूर्ण सोडवून बघू. सगळ्यांना माहीत असलेलाच घेऊ: १८ डिसेंबर २०२२, लुसैल, वर्ल्ड कप फायनल. मेस्सी २३ (पेनल्टी), दी मारिया ३६, मग एम्बाप्पे ८० (पेनल्टी) आणि ८१. शिट्टी. २-२. अतिरिक्त वेळेत मेस्सी १०८, एम्बाप्पे ११८ (पुन्हा पेनल्टी). ३-३. शूटआऊटमध्ये अर्जेंटिना ४-२.

समजा हॉस्टेलच्या तक्त्यावर त्या दिवशी वेगवेगळ्या चिठ्ठ्या लागल्या होत्या. पहिल्याने लिहिलं "अर्जेंटिना जिंकणार", नव्वद मिनिटांचा बाजार. हरला. दुसऱ्याने लिहिलं "बरोबरी". जिंकला, जरी त्या रात्री मैदानावर एक संघ रडत होता आणि दुसरा कप उचलत होता. तिसऱ्याने लिहिलं "अर्जेंटिना कप उचलणार". जिंकला, कारण हा वेगळाच बाजार आहे. त्यात अतिरिक्त वेळ, शूटआऊट सगळं धरतात. बाकीच्या बाद फेरीत याच बाजाराला `To Qualify` म्हणतात, म्हणजे पुढे कोण जाणार. आमच्या हिरोला हवं होतं ते हे. त्याच पानावर दोन बोटं खाली होतं. भाव मात्र कमी.

ज्याने अचूक स्कोअर ३-३ लिहिला तो हरला. २-२ वाला जिंकला. "पाच किंवा जास्त गोल" म्हणणाराही हरला, कारण आपण सगळ्यांनी सहा गोल पाहिले असले तरी हिशेबात आले चारच. आणि सगळ्यात वाईट वाटेल अशी चिठ्ठी म्हणजे "एम्बाप्पेची हॅट्ट्रिक". एम्बाप्पेने खरोखर हॅट्ट्रिक केली! पुरुषांच्या वर्ल्ड कप फायनलमध्ये अशी कामगिरी करणारा तो दुसराच, १९६६ च्या जेफ हर्स्टनंतर. पण तिसरा गोल ११८ चा. खेळाडूंच्या गोलांचे सामन्यापुरते बाजार नेहमीच्या नियमाने नव्वद मिनिटांवर मिटतात, त्यामुळे हिशेबाला त्याचे दोनच गोल. (गंमत म्हणजे हर्स्टचंही तेच. त्याच्या तीनपैकी दोन गोल अतिरिक्त वेळेतले होते, आणि १९६६ ची फायनलही नव्वद मिनिटांनंतर २-२ च होती.)

पण थांबा. त्याच एम्बाप्पेवर कुणी "स्पर्धेत सगळ्यात जास्त गोल" अशी चिठ्ठी लावली असती तर? जिंकली असती. तिथे अधिकृत आकडा धरतात, आणि त्यात अतिरिक्त वेळेचे गोल येतात. एम्बाप्पे ८, मेस्सी ७. म्हणजे तोच ११८ व्या मिनिटाचा गोल एका चिठ्ठीला मोजला आणि दुसरीला नाही. शूटआऊटमधली त्याची यशस्वी किक मात्र कुठेच नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मला सगळ्यात आवडली. नव्वद मिनिटांची शिट्टी झाली की जुना बाजार मिटतो आणि अतिरिक्त वेळेसाठी नवा उघडतो. या नव्या बाजारात स्कोअर परत ०-० पासून धरतात. त्या फायनलच्या अतिरिक्त वेळेचा निकाल या पद्धतीने १-१, पुन्हा बरोबरी! एकाच सामन्यात दोन बरोबऱ्या आणि एक विजेता. तिघंही आपापल्या जागी खरे.

आता प्रश्न असा की हे असं का ठेवलंय? मुलांच्या विंगमधलं एकमत "लुटायला". मला ते पटत नाही. एक कारण इतिहासात आहे असं मला वाटतं. इंग्लंडमध्ये सामान्य माणसाचा फुटबॉलचा जुगार म्हणजे बरीच वर्षं पूल्सचं कूपन. शनिवारच्या सामन्यांत कुठे बरोबरी होईल ते ओळखायचं. बरोबरी हा तिथे खराखुरा निकाल होता, नव्हे, सगळ्यात मोलाचा निकाल होता. एफए कपसारख्या बाद स्पर्धेतसुद्धा बरोबरी झाली तर सामना नंतरच्या एखाद्या दिवशी नव्याने खेळवायचे. ही रिप्लेची पद्धत मुख्य फेऱ्यांतून पूर्णपणे गेली ती थेट २०२४-२५ च्या मोसमापासून. जिथे सामना खरंच नव्वद मिनिटांत संपायचा, तिथे हिशेबही तिथेच संपणार.

दुसरं कारण गणिताचं. समजा एका बाद सामन्यात अ संघ नव्वद मिनिटांत जिंकायची शक्यता ४० टक्के, बरोबरीची ३०, ब ची ३०. बुकीचा नफा बाजूला ठेवला तर अ चा योग्य भाव १०० भागिले ४०, म्हणजे २.५. शंभर लावले तर अडीचशे परत. आता "अ पुढे जाणार" याचा भाव काढू. बरोबरीच्या ३० टक्क्यांतले अंदाजे निम्मे अ कडे जातील असं धरलं तर ४० अधिक १५, ५५ टक्के. भाव १०० भागिले ५५, साधारण १.८२. या दोन भावांतला फरक म्हणजे बरोबरीची किंमत. ज्याला २.५ मिळतात तो ती १५ टक्क्यांची जोखीम स्वतःच्या अंगावर घेतोय. लूट नाही, वेगळा माल आहे. आमच्या हिरोने जास्त भाव बघून आनंदाने क्लिक केलं, पण तो जास्त का आहे हे विचारलं नाही. (प्रत्यक्षात बुकी दोन्ही भाव थोडे खाली ओढतात. त्यांचं पोट त्यावर चालतं. पण तो वेगळा लेख.)

आणि बरोबरी काही दुर्मिळ गोष्ट नाही. बाद सामन्यात तर दोन्ही संघ शेवटी शेवटी सांभाळून खेळतात. पुरुषांच्या वर्ल्ड कप फायनल घ्या. २००६, २०१०, २०१४, २०१८, २०२२, या पाचपैकी नव्वद मिनिटांत निकाल लागला तो एकदाच, २०१८ मध्ये, फ्रान्स ४ क्रोएशिया २. बाकी चार बरोबऱ्या! २०१० मध्ये इनिएस्ताने ११६ व्या मिनिटाला स्पेनला कप दिला, २०१४ मध्ये गोट्झेने ११३ व्याला जर्मनीला. दोघांचे फोटो जगभर भिंतींवर लागले. बाजाराच्या वहीत मात्र त्या दोन्ही फायनल ०-०, आणि पहिला गोल कुणाचा याचं उत्तर "कुणाचाच नाही".

मग माझं म्हणणं काय? नियम मला मान्य आहे. तो स्पष्ट आहे, आधी लिहिलेला आहे, सगळ्यांना सारखाच लागू आहे. माझं भांडण नावाशी आहे. `Match Result` हे नाव चुकीचं आहे. सामन्याचा निकाल तो नसतोच! युरो २०२४ च्या त्या सामन्याचा निकाल इंग्लंड २-१ असा आहे, सगळ्या नोंदवह्यांत तसाच आहे, आणि केनचा गोल त्यात आहे. फक्त अर्ध्या सत्याला "मॅचचा निकाल" म्हणायचं, आणि "नव्वद मिनिटं अधिक इंज्युरी टाइम" हे शब्द नियमांच्या पानावर बारीक अक्षरात ठेवायचे, हे मला प्रामाणिक वाटत नाही. त्या मुलाने वाचलं नाही ही त्याची चूक, मान्य. पण लीगच्या सामन्यांत तेच नाव, तीच जागा, आणि तिथे निकाल खरंच नव्वद मिनिटांचा. वर्षभर त्या नावाची सवय लावायची आणि बाद फेरीत त्याच नावाचा अर्थ आपल्या नकळत अपुरा होऊ द्यायचा. आमच्या लॅबमध्ये मीटरवर असं लेबल लावलं तर सर जर्नल फेकून देतील.

"फुल टाइम" हा शब्दही त्यातलाच. इंग्रजीत आयुष्य गेलेल्या मला तो ऐकून "सगळं संपलं" असंच वाटतं. फुटबॉलमध्ये तो नव्वदच्या शिट्टीचा शब्द आहे, त्यानंतर अजून तासभर नाटक चालू शकतं.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगते. त्याला तक्रार करायची होती, पण कुणाकडे? जिथे पैसे लावले तेच बेकायदेशीर दुकान. दोन हजार परत मिळवायला त्याने आणखी लावायचा विचार केला होता, तो रूममेटने मोबाइल काढून घेऊन हाणून पाडला. मेसच्या काकांनी बिलाचे चार हप्ते करून दिले. शेवटचा हप्ता त्याने सप्टेंबरमध्ये भरला.

आणि तक्ता आता नवा झालाय. कॉमन रूमच्या दाराच्या आत लावलेला आहे, स्टाफपैकी कुणाला बघायचा असेल तर जरूर बघावा, पैशाचं काही नाही, फक्त मॅगी. बाद सामन्यांसाठी आता दोन रकाने आहेत. एकावर लिहिलंय "दुसऱ्या हाफच्या शेवटच्या शिट्टीपर्यंत, इंज्युरी टाइम धरून", दुसऱ्यावर "पुढे कोण जाणार, कसंही". खाली त्याच मुलाच्या अक्षरात तिसरी ओळ आहे: "कोपा अमेरिकात फायनल सोडून अतिरिक्त वेळ नसते, २०२४ ला थेट शूटआऊट होतं, आधी बघून घ्या." ही ओळ मला माहीत नव्हती. त्याने नियम वाचायला सुरुवात केलीय वाटतं.